अबोल विद्यार्थ्यांवर कृती संशोधन: विषय कोणता घ्यावा आणि तो कसा बांधावा

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम, मी छात्राध्यापिका आहे. आंतरवासितेसाठी मला इयत्ता सातवीचा एकच वर्ग मिळाला असून त्यात ४० विद्यार्थी आहेत आणि मी विज्ञान शिकवते. वर्गात सहा-सात मुलेच सतत बोलतात. काही मुले तर आजपर्यंत एकदाही बोललेली नाहीत. कृती संशोधनासाठी मी ‘अबोल विद्यार्थ्यांमध्ये आत्मविश्वास निर्माण करून त्यांचा सहभाग वाढवणे’ हा विषय दिला होता, परंतु ‘फार मोठा आहे, मोजता येणार नाही’ असे सांगून मार्गदर्शकांनी तो परत केला. माझ्या हातात सहा आठवडे आहेत. कोणता विषय घ्यावा आणि तो पूर्ण कसा करावा, हे कृपया सांगावे.

उत्तर

तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे मूळ विषयाच्या आकारात जितके आहे त्याहून अधिक त्याच्या रोखात आहे. ‘आत्मविश्वास निर्माण करणे’ असे म्हटले की संशोधनाचा सगळा भार मुलाच्या स्वभावावर जातो आणि शिक्षिका काय बदलणार, हे त्यात कुठेच येत नाही. कृती संशोधनात तपासायची असते ती तुमची स्वतःची कृती. म्हणून विषयाच्या वाक्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत: तुम्ही अध्यापनात नेमका कोणता बदल करणार, तो कोणत्या मुलांसाठी करणार, आणि त्यांच्या कोणत्या दिसणाऱ्या वर्तनावरून परिणाम ओळखणार. आत्मविश्वास दिसत नाही. तासाला स्वतःहून वर झालेला हात दिसतो, वाचून दाखवलेले वाक्य ऐकू येते, विचारलेली शंका टिपून ठेवता येते.

तरीही मी लगेच विषयांची यादी देणार नाही, कारण मुले गप्प का बसतात हे कळण्याआधी निवडलेला विषय हा केवळ अंदाज असतो. एका मुलाला उत्तर येते, परंतु ते मनात जुळेपर्यंत दुसऱ्याचा हात वर गेलेला असतो. दुसऱ्याला उत्तर येते, मात्र चुकले तर वर्ग हसेल याची धास्ती असते. तिसऱ्याला मुळात घटकच समजलेला नसतो. चौथ्याला मागच्या बाकावर प्रश्नच नीट ऐकू आलेला नसतो. बाहेरून चौघेही सारखेच गप्प दिसतात आणि चौघांवरचे उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. तेव्हा पहिला आठवडा कोणताही उपाय न करता केवळ पाहण्यासाठी राखून ठेवा. तुमच्या सहा आठवड्यांतला हाच आठवडा सर्वांत मोलाचा आहे, आणि बहुतेक छात्राध्यापक नेमका तोच वगळतात.

पाहायचे कसे, ते सांगते. एका कोऱ्या कागदावर वर्गाचा आसन आराखडा काढा, म्हणजे प्रत्येक बाकासाठी चौकट आणि चौकटीत मुलाचा क्रमांक. तुमच्यासोबतच्या एखाद्या छात्राध्यापिकेला तासाची मधली २० मिनिटे मागे बसवा आणि प्रत्येक बोलण्याची खूण त्या त्या चौकटीत करायला सांगा. खुणा चारच ठेवा. मूल हात वर करून स्वतःहून बोलले तर ‘स्व’, तुम्ही नाव घेतल्यावर बोलले तर ‘ना’, त्याने शंका किंवा प्रश्न विचारला तर ‘प्र’, आणि नाव घेऊनही ते काहीच बोलले नाही तर शून्य. सगळ्यांनी एका सुरात दिलेले ‘हो मॅडम’ मोजायचे नाही. यापेक्षा अधिक प्रकार केले की निरीक्षक गोंधळते आणि नोंदी निरुपयोगी होतात. प्रशिक्षणात शिकवलेल्या, दर तीन सेकंदांना एक आकडा टिपायच्या मोठ्या निरीक्षण पद्धतीची इथे गरज नाही. त्या पद्धतीत वर्गात एकूण किती वेळ कोण बोलले, शिक्षक की विद्यार्थी, हे कळते. कोणते मूल बोलले हे कळत नाही, आणि तुम्हाला तर तेच हवे आहे.

पहिल्याच तासाला दोन सहकारी मिळाल्या तर दोघींना स्वतंत्र आराखडे द्या आणि तासानंतर ते शेजारी ठेवून पाहा. जिथे खुणा जुळत नाहीत तिथे बहुधा व्याख्येत पळवाट राहिलेली असते: मुलाने अर्धवट पुटपुटलेले धरायचे का, हात वर करून ‘विसरलो’ म्हटले तर काय करायचे. हे नियम तिथल्या तिथे ठरवून लिहून ठेवा, कारण नियम मध्येच बदलला तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना करता येत नाही.

एका तासाच्या नोंदीवरून अबोल मुले ठरवू नका. एखादे मूल त्या दिवशी बरे नसेल, एखाद्याला तो घटक अवघड गेला असेल; अशा मुलांना निवडले तर पुढच्या आठवड्यात ती आपोआपच थोडी अधिक बोलू लागतील आणि तुम्हाला वाटेल की तुमच्या उपायाने काम केले. किमान चार तासांच्या नोंदी घ्या आणि ज्यांच्या चौकटी चारही तास रिकाम्या राहिल्या, त्यांचीच यादी करा.

समजा, चार तासांत मिळून वर्गात ९६ वेळा मुले बोलली, त्यांपैकी ६१ खुणा फक्त सात मुलांच्या चौकटींत आहेत आणि ११ चौकटी पूर्ण रिकाम्या आहेत. हे आकडे मी पुढचे समजावण्यासाठी धरले आहेत. तुमच्या वर्गाचे वेगळे येतील. आता या ११ जणांकडे एकेक करून पाहा. दोघे चारपैकी तीन तास गैरहजर होते, म्हणजे त्यांचा प्रश्न हजेरीचा आहे. एक मुलगी नुकतीच दुसऱ्या माध्यमातून आली असून तिला वर्गाची भाषाच अजून परकी आहे. तिला भाषेची मदत लागेल. उरले आठ, आणि तेच तुमचे विद्यार्थी. याच टप्प्यावर वर्गशिक्षकांना विचारून घ्या की यांच्यापैकी कोणाला ऐकण्याचा वा उच्चाराचा त्रास आहे का, आणि घरी मोकळेपणाने बोलणारे परंतु शाळेत कित्येक महिने कोणाशीही, अगदी मैत्रिणीशीही, एक शब्द न बोलणारे कोणी आहे का. असे मूल असेल तर ते समुपदेशकाचे काम आहे. त्याला तुमच्या प्रयोगात ओढू नका. बोलण्याचा आग्रह त्याचा त्रास वाढवतो.

उरलेल्या आठ जणांची कारणे त्यांच्याकडूनच घ्या, परंतु त्यांना वेगळे बोलावून नव्हे. संपूर्ण वर्गाला एक चिठ्ठी द्या आणि तिच्यावर एकच वाक्य पूर्ण करायला सांगा: ‘मला उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण असे असते की…’ चिठ्ठीच्या मागे क्रमांक लिहायला सांगा आणि ती तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही हे सांगून तो शब्द पाळा. मुले या वाक्यापुढे जे लिहितात ते फार नेमके असते. ‘मी विचार करत असतो तोवर दुसऱ्याने सांगून टाकलेले असते.’ ‘मॅडम परत मोठ्याने सांग म्हणतात.’ ‘मला उत्तर येतच नाही.’ या चिठ्ठ्यांचे तीन-चार गठ्ठे पडतात आणि जो गठ्ठा मोठा, तिथे तुमचा विषय असतो.

घाई हे कारण वरचढ असेल तर विषय असा होतो: ‘इयत्ता सातवीच्या विज्ञान तासात प्रश्न विचारल्यानंतर किमान तीन सेकंद थांबणे आणि उत्तर आधी वहीत लिहू देणे या कृतींमुळे आठ अबोल विद्यार्थ्यांच्या तोंडी सहभागात होणारा बदल अभ्यासणे’. चुकण्याची भीती वरचढ असेल तर जोडीत चर्चा करून ‘आमच्या जोडीला असे वाटते’ या रूपात उत्तर मांडू देण्यावर विषय बांधा; फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली आधी विचार, मग जोडी, मग वर्ग ही पद्धत तुम्ही प्रशिक्षणात शिकला असाल, तिचा उपयोग इथे आहे. शंका विचारण्याचा संकोच वरचढ असेल तर तासाच्या शेवटी निनावी शंकाचिठ्ठी घेणे आणि पुढच्या तासाची सुरुवात तिच्यापासून करणे, हा छोटा आणि पूर्ण होणारा विषय आहे. आणि जर आठपैकी पाच-सहा जणांनी ‘उत्तर येतच नाही’ असे लिहिले असेल, तर सहभागाचा विषय सोडून द्या आणि पूर्वज्ञानाच्या उपचारात्मक अध्यापनाचा घ्या. न समजलेल्या घटकावर मुलाला बोलते करण्याचा प्रयत्न हा त्याच्यावर अन्याय आहे.

यांपैकी पहिला विषय मी सविस्तर मांडते. एक तर तो सहा आठवड्यांत बसतो, शिवाय त्यातला बदल सर्वस्वी तुमच्या हातात आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने प्राथमिक वर्गांतल्या विज्ञान तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या तिच्या कामातून असे दिसले की हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तर मुलांची उत्तरे लांब होतात, अनुत्तरित राहणारे प्रश्न कमी होतात आणि ज्यांच्याकडून शिक्षकांची अपेक्षा कमी असते अशी मुलेही बोलू लागतात. तिने थांबण्याच्या दोन जागा दाखवल्या होत्या, आणि दुसरी अनेकांच्या लक्षात राहत नाही: मुलाने उत्तर दिल्यानंतर आणि शिक्षकाने ‘बरोबर’ म्हणण्यापूर्वी. ही दुसरी जागा तुमच्या आठ मुलांसाठी फार महत्त्वाची आहे, कारण शिक्षिकेने ‘बरोबर’ म्हटले की प्रश्न संपतो आणि मनात अर्धे उत्तर जुळवत बसलेल्या मुलाला बोलण्याचे कारणच उरत नाही.

तुमचे स्वतःचे थांबणे आधी मोजा. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन फोन टेबलावर ठेवा, एका तासाचा फक्त आवाज ध्वनिमुद्रित करा आणि घरी दहा प्रश्न निवडून प्रश्नातला शेवटचा शब्द संपल्यापासून पुढचा कोणताही आवाज येईपर्यंतचा वेळ लिहून काढा. ‘कोणताही आवाज’ असे मी मुद्दाम म्हणते आहे, कारण बहुतेक वेळा तो आवाज शिक्षिकेचाच असतो. प्रश्न विचारला, कोणी बोलले नाही, की आपण तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो, मग एखादी सूचना देतो, मग पहिले अक्षर सांगतो. आपल्याला ही मदत वाटते. मुलाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक नवे वाक्य ऐकण्यासाठी चाललेला विचार थांबवावा लागतो. दहापैकी आठ ठिकाणी दोन सेकंदही भरले नाहीत, असा निष्कर्ष निघाला तर तो तसाच अहवालात लिहा. तुमच्या संशोधनातला तो पहिला खरा पुरावा असेल.

आता एक प्रसंग जवळून पाहू. घटक बाष्पीभवनाचा आहे आणि तुम्ही विचारता, ‘हवा दमट असते तेव्हा ओला कपडा उशिरा का वाळतो?’ नेहमीच्या पद्धतीत पुढच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणतो, ‘कारण हवेत आधीच बाष्प असते’, तुम्ही ‘शाब्बास, बरोबर’ म्हणता आणि पुढे जाता. प्रश्नोत्तराला काही सेकंद लागले आणि ३९ मुलांनी फक्त ऐकले. नव्या पद्धतीत तुम्ही आधीच सांगता की आता हात वर करायचे नाहीत, प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची. प्रश्न एकदाच विचारता, फळ्यावर लिहिता आणि एक मिनिट बोलत नाही. त्या मिनिटात बाकांमधून फिरता. तुमच्या आठांपैकी एका मुलीच्या वहीत दिसते: ‘हवेत जागा नसते म्हणून’. हे अपुरे आहे, पण विचार योग्य दिशेला आहे. तुम्ही तिच्या ओळीपाशी पेन्सिलीने बारीकशी खूण करता आणि हळूच विचारता, ‘ही ओळ तू वाचून दाखवशील का?’ ती मान हलवते. मिनिट संपल्यावर आधी एका दुसऱ्या मुलाचे उत्तर घेता, मग तिला सांगता. ती बाकावर बसूनच वाचते. तुम्ही ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ न म्हणता तीन सेकंद थांबता आणि मग वर्गाला विचारता, ‘जागा नसते म्हणजे काय असेल? हिच्या उत्तरात कोणी भर घालेल का?’

या दृश्यातल्या बारकाव्यांना कारणे आहेत. लिहिलेले वाचणे हे उभे राहून मनातले बोलण्यापेक्षा सोपे असते, कारण वाक्य आधीच तयार असते. आधी विचारून घेतल्यामुळे नाव अचानक पुकारले जात नाही. पहिले उत्तर तिच्याकडून न घेतल्याने सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्याकडे वळत नाहीत. तिचे वाक्य पुढच्या चर्चेचा आधार बनते, म्हणून तिच्या बोलण्याला वर्गात काम मिळते; आणि माझ्या मते हे काम कोणत्याही कौतुकापेक्षा अधिक परिणाम करते. ‘अरे वा, आज तू चक्क बोललीस!’ असे म्हणण्याचा मोह फार होतो. तो टाळाच, कारण त्यातून ती अबोल आहे ही गोष्ट सगळ्या वर्गासमोर जाहीर होते आणि पुढच्या तासाला ती पुन्हा गप्प बसते.

प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट देता येणार नाही आणि देऊही नये. पाण्याचे रासायनिक सूत्र विचारताना एक मिनिट थांबणे निरर्थक आहे. मुले कंटाळतात आणि पुढे खऱ्या प्रश्नाच्या वेळीही लिहीत नाहीत. तासाला तीनच प्रश्न असे निवडा ज्यांत कारण, तुलना किंवा अंदाज मागितला आहे, आणि ते पाठ टाचणातच लिहून ठेवा. इतर प्रश्नांना तीन सेकंदांचे थांबणे पुरेसे आहे. ते तीन सेकंद मनातल्या मनात मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटतात. मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाका की ‘मी प्रश्न विचारून गप्प राहीन, तो तुमचा विचार करण्याचा वेळ आहे’, नाहीतर त्या शांततेचा अर्थ मॅडम रागावल्या असा लावला जातो.

वेळापत्रक साधे ठेवा. पहिला आठवडा पाहण्याचा. दुसरा आणि तिसरा आठवडा पहिल्या कृतीचा, आणि त्यातल्या चार तासांना तुमची सहकारी पूर्वीसारख्याच २० मिनिटांच्या खुणा करील. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला थांबून नोंदी वाचायच्या, कृतीत एक बदल करायचा आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत पुन्हा चार तासांच्या नोंदी घ्यायच्या. सहावा आठवडा लेखनाचा. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती संशोधनाची जी मांडणी केली तिच्यात नियोजन, कृती आणि परिणामाचा शोध हे वर्तुळ पुन्हा पुन्हा फिरत पुढे जाते. एकाच फेरीवर थांबून सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी मांडली तर मधला शोधच हरवतो.

त्या थांब्याला काय वाचायचे, हे आपल्या उदाहरणावर पाहू. पहिल्या कृतीच्या चार तासांत आठ मुलांच्या चौकटींत मिळून १४ खुणा झाल्या. शून्यावरून १४ हे ऐकायला छान वाटते आणि इथेच बहुतेक अहवाल फसतात. खुणा मुलागणिक मांडा. नऊ खुणा दोन मुलांच्या आहेत, पाच खुणा तीन मुलांच्या आणि उरलेल्या तीन मुलांच्या चौकटी अजूनही रिकाम्या. म्हणजे दोघांना खरोखर वेळच हवा होता, तिघे हळूहळू येत आहेत आणि तिघांना या कृतीचा उपयोग झालेला नाही. एकूण बेरीज हे सारे झाकून टाकते, म्हणून तुमच्या कोष्टकात आठ ओळी असल्याच पाहिजेत, आणि किती वेळा बोलली याच्या शेजारी किती मुले बोलली हा आकडाही हवा.

आता त्या तिघांच्या वह्या उघडा. ही या विषयाची मोठी सोय आहे की न बोललेल्या मुलाचाही लेखी पुरावा तुमच्याकडे असतो. समजा, दोघांच्या वहीत बहुतेक उत्तरे बरोबर आहेत आणि तिसऱ्याची पाने जवळजवळ कोरी आहेत. म्हणजे दोघांना उत्तर येते, वेळही मिळाला, तरी संपूर्ण वर्गासमोर आवाज काढणे जड जाते. त्यांच्यासाठी दुसऱ्या फेरीत लिहून झाल्यावर जोडीत एकमेकांचे वाचणे आणि मग जोडीच्या वतीने बोलणे ही पायरी घाला. तिसऱ्याला घटक समजलेला नाही. त्याला मधल्या सुट्टीत किंवा स्वाध्यायाच्या वेळी दहा मिनिटे आधीचा भाग समजावून द्या आणि अहवालात त्याची नोंद वेगळी ठेवा. दुसऱ्या फेरीत बदल एकच करायचा आहे, हे लक्षात असू द्या. जोडी, बक्षिसे, बैठक बदलणे, गटनायक असे चार उपाय एकदम केले तर जे घडले ते कशामुळे, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

जोडीत एक धोका आहे. अबोल मुलाला वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलाशेजारी बसवले की बोलका दोघांच्या वतीने बोलतो आणि अबोल मूल अधिकच निवांत गप्प बसते. जोड्या मध्यम बोलणाऱ्या मुलांशी लावा आणि कोणी मांडायचे हे आधी तुम्ही ठरवा, उदाहरणार्थ ‘आज खिडकीच्या बाजूला बसलेले सांगतील’. जोडीतले बोलणे मोजण्यासाठी मात्र आराखड्याची खूण पुरत नाही. सहकारीने दोन-तीन जोड्यांजवळ मिनिटभर थांबून काय ऐकले ते दोन ओळींत लिहावे, तेवढे पुरे.

वर्गातल्या सात बोलक्या मुलांचेही पाहा. ती नाराज होतात, वरचेवर ‘मॅडम, मी सांगू?’ म्हणतात आणि दोन-तीन दिवसांनी काहीजण लिहिणेच सोडतात. त्यांच्या खुणा किती कमी झाल्या हेही मांडा. त्यांचे बोलणे ६१ वरून ४० वर आले आणि इतरांचे वाढले तर ते वाटप बदलल्याचे लक्षण आहे. परंतु ती गप्प झाली आणि वर्गाची एकूण चर्चाच आटली, तर कृतीत काहीतरी चुकते आहे. त्यांना इतरांच्या उत्तरावर प्रश्न विचारण्याचे काम द्या, ते त्यांना आवडते.

निष्कर्ष लिहिताना एक शंका परीक्षक हमखास विचारतील आणि तुम्हीही ती स्वतःला विचारावी: मुले बोलू लागली ती तुमच्या कृतीमुळे की तुमची सवय झाल्यामुळे? नवी छात्राध्यापिका वर्गात आली की पहिले काही दिवस बरीच मुले बिचकतात आणि ओळख वाढली की आपोआप मोकळी होतात. याचा पूर्ण निकाल एका वर्गात लावता येत नाही, पण दोन गोष्टी करता येतात. पाहण्याचा आठवडा सुरू करण्याआधी तीन-चार दिवस त्या वर्गाला शिकवा, म्हणजे पहिला नवखेपणा ओसरेल. त्यासाठी लेखनाचा आठवडा थोडा आखडता घ्यावा लागला तरी चालेल. आणि दुसऱ्या फेरीनंतर एका तासाला लिहू न देता, पूर्वीसारखे थेट हात वर करायला सांगून प्रश्न विचारा, तीन सेकंदांचे थांबणे तेवढे ठेवा. आठांपैकी कोणाचे हात तरीही वर येतात आणि कोण पुन्हा मागे सरते, यावरून सवय किती आणि आधार किती याचा काही अंदाज बांधता येतो. आठ मुलांवर संख्याशास्त्रीय चाचण्या लावण्याची गरज नाही. ‘या वर्गात, या सहा आठवड्यांत, या आठ मुलांच्या बाबतीत’ एवढ्याच मर्यादेत वाक्ये लिहा, आणि ‘अबोल विद्यार्थ्यांवर ही पद्धत प्रभावी ठरते’ असे सर्वसाधारण विधान टाळा.

‘स्व’ आणि ‘ना’ या खुणा शेवटी एकत्र करू नका. नाव घेतल्यावर बोलणे वाढले, तर तुम्ही त्या मुलांना अधिक वेळा विचारले एवढेच त्यातून सिद्ध होते. स्वतःहून हात वर होणे किंवा शंका विचारणे ही त्यांची स्वतःची कृती आहे. आपल्या उदाहरणात दुसऱ्या फेरीनंतर आठपैकी सहा जण वर्गात एकदा तरी बोलले, पण स्वतःहून फक्त तिघांनी हात वर केला, असे निघाले, तर तेच लिहायचे. एका मुलाने जोडीत बोलूनही वर्गात तोंड उघडले नाही आणि ज्याची वही कोरी होती तो अजून चाचरतो आहे, हेही लिहायचे. सहा आठवड्यांच्या कामासाठी हा चांगला निष्कर्ष आहे, आणि आठही मुले बोलकी झाली असे सांगणाऱ्या अहवालापेक्षा परीक्षकांना तो अधिक विश्वासार्ह वाटेल.

अहवालात मुलांची नावे कुठेही येऊ देऊ नका. क्रमांकही हजेरीपटाचे नकोत, वि१ ते वि८ असे नवे द्या. परिशिष्टात आसन आराखड्याची एक कोरी आणि एक भरलेली प्रत, खुणांचे नियम, तीन प्रश्न अधोरेखित केलेले एक पाठ टाचण आणि दोन मुलांच्या वहीतल्या ओळी, त्यांची संमती घेऊन, जोडा. वर्ग सोडण्यापूर्वी वर्गशिक्षकांशी अर्धा तास बसून शेवटपर्यंत वर्गात न बोललेल्या दोन मुलांविषयी तुम्हाला काय आढळले ते सांगा आणि जोडीत बोलणाऱ्या मुलाची बैठक सध्या तरी बदलू नये अशी विनंती करा.